सोसायटीसाठी डासांवरचा व्हिडिओ: बॅरलच्या कडेवरच्या अंड्यापासून पटकथा कशी लिहायची

पावसाळा तोंडावर आला की सोलापुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर डासांचे व्हिडिओ फिरू लागतात. बहुतेकांचा साचा एकच असतो. तुंबलेलं गटार, कचऱ्याचा ढीग, धुराची फवारणी आणि शेवटी 'पाणी साचू देऊ नका'. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. जिथं चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं बॅरल, पिंप, हौद आणि सिंटेक्सची टाकी भरूनच ठेवावी लागते. अशा घरातल्या बाईला 'पाणी साचू देऊ नका' सांगितलं तर ती व्हिडिओ बंद करून पाणी भरायला जाईल, आणि तिचं काही चुकलेलं नसेल.

हा लेख तीन मिनिटांचा व्हिडिओ कसा लिहावा आणि चित्रित करावा, याबद्दल आहे. सगळा भर डेंग्यूच्या डासावर, म्हणजे एडिस इजिप्तीवर आहे, कारण सोसायटीच्या आत, आपल्याच भांड्यात वाढतो तो हा डास. गटारात वाढणारा क्युलेक्स वेगळा. मलेरियाचा डासही वेगळा, तो मात्र गच्चीवरच्या उघड्या टाकीत सापडू शकतो. तिन्ही एका व्हिडिओत कोंबले तर प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

## १. लिहिण्याआधी: आपल्या इमारतीचं पाण्याचं वेळापत्रक काढा

कागदावर चौदा दिवस ओळीनं मांडा आणि नळाला पाणी येतं त्या दिवसांवर खूण करा. त्याच कागदावर डासाचं जीवनचक्र बसवायचं आहे. त्यासाठी चार गोष्टी पक्क्या माहीत हव्यात.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओलसर कडेला ती एकेक अंडं चिकटवते. दोनेक दिवसांत आतला जीव तयार होतो, पण अंडं फुटायला पाणी वर चढून ते बुडावं लागतं. तोवर ते कोरडं राहून कित्येक महिने टिकू शकतं. बुडालं की अळी बाहेर येते, चार वेळा कात टाकत वाढते, मग कोष होतो आणि कोषातून साधारण दोन दिवसांत डास उडतो. उन्हाळा-पावसाळ्याच्या उबेत अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. गारवा असला तर जास्त.

आता उदाहरण घेऊ. समजा एका इमारतीत दर पाच दिवसांनी पाणी येतं: सोमवार, मग शनिवार, मग गुरुवार.

सोमवारी दोनशे लिटरचं बॅरल काठोकाठ भरलं. मंगळवारी पाणी वापरून पातळी थोडी खाली गेली आणि तिथल्या ओल्या कडेला मादीनं अंडी घातली. बुधवार ते शुक्रवार पातळी आणखी उतरली, अंडी वर कोरडी राहिली, आत जीव तयार झाला. शनिवारी नळ आला, तळाशी उरलेल्या पाण्यावरच पाइप सोडून बॅरल पुन्हा काठोकाठ भरलं आणि अंडी बुडाली. त्याच दिवशी अळ्या बाहेर पडू लागल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा वरून पाणी भरलं, तोवर अळ्यांचे कोष होत आले होते. त्या शनिवारी डास उडाले.

नीट पाहिलं तर आपली पाणी भरण्याची पद्धतच या डासाच्या सोयीची आहे. पातळी उतरते तेव्हा अंड्यांना कोरडी कड मिळते आणि चढते तेव्हा ती फुटतात. व्हिडिओनं दाखवायचं ते एवढंच.

उपायही याच कागदावर सापडतो. नळ यायच्या आधी, शनिवारी पहाटे, बॅरल जवळजवळ रिकामं असतं. त्या वेळी आतली कड घासून काढायला दोन तांबे पाणी आणि पाच मिनिटं लागतात. भरलेलं बॅरल ओतून द्या असं कुणाला सांगावंच लागत नाही.

तपासा: तुमच्या वेळापत्रकात दोन पाण्यांमधलं अंतर सात दिवसांपेक्षा जास्त होतं का? होत असेल तर नळाची वाट पाहून चालणार नाही. पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं, मूळ भांडं घासायचं आणि गाळलेलं पाणी परत ओतायचं, हा प्रसंग पटकथेत घ्या. अळ्या आणि कोष दोन्ही फडक्यावर अडकतात.

## २. फेरी मारा आणि भांड्यांची यादी करा

पटकथेत कोणती भांडी दाखवायची, हे घरात बसून ठरवू नका. सकाळच्या उजेडात टॉर्च घेऊन गच्चीपासून तळमजल्यापर्यंत एक फेरी मारा. सोबत वॉचमन असला तर उत्तम, कारण बंद फ्लॅट कोणते, जिन्याखाली काय पडलंय, संपाचं झाकण कधीपासून तुटलंय हे त्यालाच ठाऊक असतं.

प्रत्येक भांड्यासमोर दोनच रकाने ठेवा: पाणी आहे का, अळी आहे का. टॉर्चचा झोत पाण्यावर टाकला की अळ्या वळवळत तळाकडे जातात. अर्धा मिनिट थांबलात तर श्वासासाठी त्यांना परत वर यावंच लागतं. एक नजर टाकून 'काही नाही' लिहिणं ही या फेरीतली नेहमीची चूक आहे.

यादी झाली की तिचे दोन गट पाडा. पहिल्या गटात नळाच्या पाण्यावर भरणारी भांडी: बॅरल, पिंप, हौद, रांजण. यांचं घड्याळ नळाचं. दुसऱ्या गटात नळाशी संबंध नसलेल्या गोष्टी: कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, गच्चीवरचं टायर, बंद फ्लॅटमधलं कमोड. यांच्यासाठी आठवड्याचा ठरलेला वार, बहुतेकांना रविवार सोयीचा. सगळ्यांसाठी एकच 'कोरडा दिवस' सांगणाऱ्या व्हिडिओंचा इथंच घोटाळा होतो. रविवारी बॅरल नुकतंच भरलेलं असेल तर कोण रिकामं करणार?

गच्चीवरची मोठी टाकी आणि खालचा संप तिसऱ्याच प्रकारात येतात. ते दर आठवड्याला घासता येत नाहीत, म्हणून डास आत शिरूच नये अशी व्यवस्था लागते. झाकण घट्ट हवं, हवेच्या आणि ओसंडणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी हवी. हे काम सोसायटीच्या खर्चानं होतं, म्हणून व्हिडिओत त्याला एक वाक्य द्या आणि बाकीचं बैठकीत मांडा.

सावध: फेरीत कुणाच्या घरात अळ्या सापडल्या तर त्या घराचं दार, नावाची पाटी किंवा माणसं चित्रात येऊ देऊ नका. एकदा भांडण झालं की पुढच्या फेरीला दार उघडत नाही.

## ३. चित्रं आधी घ्या, शब्द नंतर लिहा

आधी संवाद लिहून मग त्याला चित्रं शोधत बसलं की माणसं इंटरनेटवरून फोटो उचलतात आणि तिथं सर्वात मोठी चूक होते. पाण्यावर तरंगणाऱ्या अंड्यांच्या गठ्ठ्याचा फोटो डेंग्यूच्या व्हिडिओत हमखास दिसतो. तो गठ्ठा क्युलेक्सचा. तो पाहून लोक पाण्याच्या पृष्ठभागावर अंडी शोधतात, काही दिसत नाही म्हणून निश्चिंत होतात, आणि खरी अंडी कडेला चिकटलेली राहतात.

लागणारी चित्रं आपल्याच इमारतीत मिळतात. काचेचा साधा पेला घ्या आणि फेरीत सापडलेल्या भांड्यातून तीन-चारच अळ्या त्यात घ्या. मागे पांढरा कागद उभा करा, उजेड बाजूनं येऊ द्या. फोन आडवा धरा, पेल्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि थांबा. अळी वर येईल, शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकेल. हे दृश्य पाच सेकंद मिळालं तरी पुरे. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहत असेल तर ती मलेरियाच्या डासाच्या जातीची असू शकते. या व्हिडिओत ती वापरू नका, पण कुठल्या टाकीतून आली ते लिहून ठेवा आणि महापालिकेच्या मलेरिया विभागाला कळवा.

कोष स्वल्पविरामासारखा दिसतो, डोक्याकडे जाड आणि खाली वाकलेला. तो काही खात नाही, पण हात लावला की कोलांट्या मारत पळतो. त्याचं चित्र जरूर घ्या, कारण लोक अळी ओळखतात पण कोष पाहून 'हा कसला तरी किडा' म्हणून सोडून देतात, आणि डास उडायला तर दोनच दिवस उरलेले असतात.

अंडं काळं आणि एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. साध्या फोनवर ते काळ्या ठिपक्यापलीकडे दिसत नाही. निळ्या बॅरलपेक्षा पांढऱ्या बादलीच्या कडेला ठिपक्यांची रेघ बरी उठून दिसते. तेही जमलं नाही तर कागदावर बॅरलचं उभं चित्र काढा, पाण्याची रेघ निळ्या पेननं आणि तिच्या वर काळे ठिपके. हातानं काढलेलं बरोबर चित्र परवडलं, दुसऱ्याच डासाचा झकपक फोटो नको.

सावध: पेल्याला पहिल्या मिनिटापासून पातळ कापड आणि रबर लावून ठेवा. कोष असलेला पेला खिडकीत विसरला तर दोन दिवसांत घरात डास उडतील. चित्रण संपलं की पाणी कोरड्या, उन्हातल्या मातीवर ओता. बेसिनमध्ये किंवा गटारात ओतलं तर अळ्या तिथल्या पाण्यात जगू शकतात.

## ४. दृश्यांचा क्रम: अळीपासून सुरू, मग मागे अंड्याकडे

पुस्तकात जीवनचक्र अंड्यापासून सुरू होतं. व्हिडिओत तसं करू नका. अंडं कुणी पाहिलेलं नसतं. अळी मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते, 'पाण्यात किडे झालेत' म्हणून. तिथून सुरुवात केली की माणूस थांबतो. मग 'हे आले कुठून?' म्हणून मागे अंड्याकडे, मग पुढे कोष आणि डासाकडे, आणि शेवटी हातात घासणी.

बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. तीन मिनिटांत तीनशे शब्द मावतात. खालचा मसुदा त्याच्या आतच ठेवलाय, म्हणजे दृश्यांना श्वास घ्यायला जागा राहते.

दृश्य १. निळ्या बॅरलचं झाकण उघडतं, टॉर्चचा झोत पाण्यावर.
आवाज: "हे बॅरल आपल्याच बिल्डिंगमधलं आहे. पाणी स्वच्छ आहे, वास नाही. जरा थांबून बघा. ते वळवळतंय ना, ते डेंग्यूच्या डासाचं पिल्लू आहे."

दृश्य २. पेल्यात लटकलेली अळी.
आवाज: "ही अळी गटारातून आली नाही आणि नळातूनही आली नाही. ती या बॅरलच्या कडेवरून आली."

दृश्य ३. बॅरलचं चित्र, पाण्याची निळी रेघ, वर काळे ठिपके. बोट ठिपक्यांवर टेकतं.
आवाज: "डासाची मादी पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवते. पाणी वापरलं, पातळी उतरली, तरी अंडी मरत नाहीत. कोरडी राहून महिनोन् महिने वाट बघतात."

दृश्य ४. नळाला पाणी येतं, पाइप बॅरलमध्ये, पातळी चढते, ठिपके बुडतात.
आवाज: "नळ आला. आपण वरूनच पाणी भरलं. अंडी बुडाली आणि फुटली. आता घड्याळ सुरू झालं."

दृश्य ५. कोष कोलांट्या मारतो.
आवाज: "पाच-सहा दिवसांत अळीचा असा कोष होतो. हा दिसला की दोन दिवसांत डास उडणार. म्हणजे पाण्यात बुडाल्यापासून साधारण आठवडा."

दृश्य ६. शेजारच्या काकू जवळजवळ रिकामं बॅरल आडवं करून काथ्यानं आतली कड गोल गोल घासतात.
आवाज: "म्हणून पाणी फेकायचं नाही. नळ यायच्या आधी बॅरल रिकामं असतं, तेव्हा कड घासायची. वरपासून तळापर्यंत. घासलेलं पाणी उन्हातल्या मातीवर. मग नवं पाणी, आणि वर घट्ट कापड."

दृश्य ७. कूलर, ताटली, फ्रिजचा ट्रे, प्रत्येकी दोन सेकंद.
आवाज: "यांना नळाचं वेळापत्रक नाही. यांच्यासाठी रविवार."

दृश्य ८. दुपारी मच्छरदाणीत झोपलेला मुलगा, शेजारी पाण्याचा तांब्या.
आवाज: "घरात कुणाला ताप आला तर दिवसाही मच्छरदाणी. हा डास दिवसा चावतो. तापाच्या माणसाला चावला की काही दिवसांनी तोच डास दुसऱ्याला आजार देतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका. पोटात खूप दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर ताप उतरलेला असला तरी लगेच दवाखाना."

तपासा: मसुदा मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारा, 'हे दिसतंय का?' चित्र नसलेलं वाक्य एक तर काढा किंवा त्याचं चित्र घ्या. 'परिसर स्वच्छ ठेवा' हे वाक्य या तपासणीत टिकत नाही, म्हणून मसुद्यातही नाही.

दृश्य ६ हा व्हिडिओचा कणा आहे. त्याला पूर्ण चाळीस सेकंद द्या. इथं घाई झाली की लोक बॅरल विसळतात, घासत नाहीत. नुसत्या विसळण्यानं चिकटलेली अंडी निघत नाहीत. नवं पाणी आलं की पुन्हा फुटतात. काथ्या किंवा ताठ ब्रश कडेवर दाबून फिरताना जवळून दाखवा आणि घासण्याचा आवाज तसाच ठेवा, मागे संगीत नको. कापड बांधतानाचं दृश्यही नीट घ्या: ते ताणून, दोरी किंवा इलॅस्टिकनं बांधलेलं हवं. मधोमध झोळ पडून पाण्याला टेकलं तर ओलं कापडच अंडी घालायची जागा होते.

## ५. काय गाळायचं

धूरफवारणी. लोकांना ती आवडते, कारण काहीतरी झालेलं दिसतं. धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासांवर चालतो. अंडी, अळी, कोष तसेच राहतात आणि काही दिवसांत नवे डास येतात. आसपास रुग्ण सापडले असतील तेव्हा तिचा उपयोग आहे, पण व्हिडिओत धूर दिसला की प्रेक्षकाला वाटतं, काम महापालिकेचं आहे.

अळीनाशक औषधाचं प्रमाण. टेमिफॉस पाण्याच्या मापावर मोजून टाकावं लागतं आणि ते काम आरोग्य कर्मचाऱ्यांचं. शिवाय कोष खातच नाही, त्यामुळे त्याच्यावर ते चालत नाही. 'औषध टाकलंय, आता बॅरल घासायची गरज नाही' असा समज होऊ देऊ नका.

गप्पी मासे. बंद पडलेल्या कारंज्यात किंवा वापरात नसलेल्या हौदात ठीक. दर पाच दिवसांनी रिकाम्या होणाऱ्या बॅरलमध्ये त्यांचं काय होणार? तळ्यात, ओढ्यात तर मुळीच सोडायचे नाहीत, तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरतात.

## ६. आवाज आणि भाषा

सोलापूरच्या एका इमारतीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी घरं एकाच जिन्यावर असतात. म्हणून चित्रावर वाक्यं छापू नका. चित्रं एकदाच जोडा आणि आवाज प्रत्येक भाषेत वेगळा भरा. तेलुगू आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा असेल तर लोक तो शेवटपर्यंत ऐकतात. भाड्याच्या निवेदकाचा आवाज पुढे ढकलला जातो. भाषांतर करणाऱ्याला कागद हातात देऊन वाचायला लावू नका. चित्र दाखवा, मराठी आवाज एकदा ऐकवा आणि म्हणा, 'आता हे तुमच्या घरात सांगता तसं सांगा.' दृश्य ३ आणि ६ चा अर्थ बदलला नाही ना, एवढं मात्र त्या भाषेच्या दुसऱ्या माणसाकडून ऐकून घ्या. 'कडेला' ऐवजी 'पाण्यात' झालं की सगळा व्हिडिओ वाया.

खोली बंद करा, पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. जिन्यात किंवा गच्चीवर आवाज भरला तर घुमतो आणि वाऱ्यात शब्द जातात.

## ७. कधी पाठवायचा, आणि लागू पडला का ते कसं कळेल

व्हिडिओ नळ यायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाका. पाणी येऊन गेल्यावर टाकलेला व्हिडिओ चार-पाच दिवस शिळा होतो, तोवर कुणाच्या लक्षात राहत नाही. सोबत एकच ओळ लिहा: 'उद्या पाणी आहे, भरण्याआधी बॅरलची कड घासा.' पुढच्या प्रत्येक पाण्याच्या आदल्या संध्याकाळी फक्त ही ओळ पुन्हा पाठवा. व्हिडिओ परत परत पाठवला की लोक ग्रुप म्यूट करतात.

चौदा दिवसांनी पहिल्या फेरीची यादी घेऊन तीच भांडी पुन्हा बघा. आधी पाणी असलेल्या किती भांड्यांत अळ्या होत्या आणि आता किती, एवढंच मोजा. ग्रुपवर किती अंगठे आले ते मोजू नका.

आकडा खाली आला नसेल तर कोणत्या गटात अळ्या उरल्या ते पाहा. बॅरलमध्ये उरल्या असतील तर लोक विसळतायत, घासत नाहीत. दृश्य ६ पुन्हा, आणखी जवळून घ्या. बॅरल साफ आणि ताटल्या, कूलर तसेच असतील तर रविवारची ओळ वेगळी पाठवायला लागा. दोन्ही साफ असूनही डास असतील तर बंद फ्लॅटच्या किल्ल्या मागवा, गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचलून बघा आणि शेजारच्या बांधकामावर ठेवलेले पाण्याचे ड्रमही तपासा. हा डास फार लांब उडत नाही, साधारण शंभर ते चारशे मीटर. एवढ्या टप्प्यात शेजारची इमारत सहज येते, म्हणून तिथल्या सेक्रेटरींना व्हिडिओसोबत तुमचा चौदा दिवसांचा कागदही द्या. त्यांचं पाणी वेगळ्या दिवशी येत असेल तर त्यांना नवा कागद मांडावा लागेल.